दामदुप्पट किती वर्षांत? ७२ चा हिशोब ठेवा बोटांवर

कांद्याची पट्टी, उसाचं बिल किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे खात्यावर आले की गावात एक प्रश्न हमखास निघतो : ठेवले तर किती वर्षांत दुप्पट होतील? पोस्टात वेगळा आकडा सांगतात, बँकेत वेगळा, आणि दारावर येणारा एजंट तिसराच सांगतो. कोणाचा आकडा व्याजदराशी जुळतो हे तपासायला कॉम्प्युटर लागत नाही. एक साधा भागाकार पुरतो.

७२ भागिले व्याजदर

नियम असा. ७२ या आकड्याला वर्षाच्या व्याजदराने भागायचं. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत ठेव साधारण दुप्पट होते. व्याज ८ टक्के असेल तर ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षं. व्याज ६ टक्के असेल तर १२ वर्षं. अट एकच, व्याज मधे काढायचं नाही. ते मुदलात मिळत गेलं पाहिजे, म्हणजे चक्रवाढ झाली पाहिजे.

हा नियम आजचा नाही. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाच्या १४९४ साली छापलेल्या पुस्तकात तो आहे.

नियम खरा ठरतो का, हे कागदावर बघता येतं. समजा १ लाख रुपये ८ टक्क्यांनी ठेवले. पहिल्या वर्षाअखेर १,०८,००० होतात. दुसऱ्या वर्षी व्याज लाखावर नाही, तर १,०८,००० वर मिळतं, म्हणून १,१६,६४० होतात. असंच पुढे करत गेलं की पाचव्या वर्षाअखेर १,४६,९३३, आठव्या वर्षाअखेर १,८५,०९३ आणि नवव्या वर्षाअखेर १,९९,९०० रुपये होतात. दोन लाखाला फक्त शंभर रुपये कमी. त्या वेळी ठेवीवर रोजचं व्याज ४४ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे आणखी दोन-तीन दिवसांत दुप्पट पूर्ण. नऊ वर्षांच्या हिशोबात दोन-तीन दिवसांची चूक म्हणजे काहीच नाही.

नियम कुठे चुकतो?

८ टक्क्यांजवळ हा नियम जवळपास तंतोतंत बसतो. दर तिथून जसा लांब जातो तसा फरक वाढतो. वर्षातून एकदा व्याज मिळवलं तर चित्र असं दिसतं :

- ४ टक्के : नियमाने १८ वर्षं, प्रत्यक्षात १७ वर्षं ८ महिने
- ६ टक्के : नियमाने १२ वर्षं, प्रत्यक्षात ११ वर्षं ११ महिने
- ८ टक्के : नियमाने ९ वर्षं, प्रत्यक्षात ९ वर्षं २-३ दिवस
- १२ टक्के : नियमाने ६ वर्षं, प्रत्यक्षात ६ वर्षं दीड महिना
- २४ टक्के : नियमाने ३ वर्षं, प्रत्यक्षात ३ वर्षं पावणेतीन महिने

म्हणजे दर कमी असेल तर पैसे नियमापेक्षा थोडे आधी दुप्पट होतात, आणि दर जास्त असेल तर थोडे उशिरा. ही चूकसुद्धा दुरुस्त करता येते. दर ८ च्या वर प्रत्येक ३ टक्क्यांमागे ७२ मध्ये १ मिळवायचा, आणि ८ च्या खाली प्रत्येक ३ टक्क्यांमागे १ वजा करायचा. ५ टक्क्यांना ७१ घ्या, ११ टक्क्यांना ७३, १४ टक्क्यांना ७४. एवढं केलं की उत्तर अगदी जवळ येतं.

पोस्टाचं किसान विकास पत्र

पोस्टातलं किसान विकास पत्र तर दुप्पट होण्याच्या बोलीवरच विकलं जातं. एप्रिल २०२३ पासून त्यावर ७.५ टक्के व्याज आणि ११५ महिन्यांत दुप्पट असा हिशोब लागू झाला. तो तपासून बघू. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६. यातली ९ वर्षं झाली, आणि ०.६ वर्ष म्हणजे सात महिने. ९ वर्षं ७ महिने म्हणजेच ११५ महिने. आकडा बरोबर जुळतो.

सरकार अल्पबचतीच्या दरांचा दर तीन महिन्यांनी आढावा घेतं, त्यामुळे पत्र घ्यायच्या दिवशीचा दर पोस्टात विचारून घ्यावा. घेतलेल्या पत्राचा दर मात्र शेवटपर्यंत तोच राहतो.

गावातल्या जुन्या माणसांना हे ११५ महिने फार वाटतात, आणि त्याला कारण आहे. १९८८ साली किसान विकास पत्र सुरू झालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. ७२ भागिले साडेपाच केलं तर १३ च्या वर दर येतो, आणि वरची दुरुस्ती केली की साडेतेराच्या जवळ. त्या काळी सरकारच एवढं व्याज देत होतं. आज तो दर राहिलेला नाही, पण ‘पाच-साडेपाच वर्षांत दामदुप्पट’ हे डोक्यात पक्कं बसलंय. एजंट लोक नेमकं तेच बोलून पैसे मागतात.

बँकेच्या एफडीला ७२ ऐवजी ७०

बँकेच्या एफडीवर व्याज साधारणपणे दर तीन महिन्यांनी मुदलात मिळवतात. वर्षातून चार वेळा व्याजावर व्याज चढत असल्यामुळे पैसे थोडे लवकर दुप्पट होतात. तिथे ७२ ऐवजी ७० धरावेत. ७ टक्क्यांची एफडी असेल तर ७० भागिले ७, म्हणजे १० वर्षं. २ लाख रुपये ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर हातात ४ लाख ३०० रुपयांच्या आसपास येतात. हिशोब इतका जवळ बसतो.

मात्र एफडीचा फॉर्म भरताना एक रकाना नीट बघावा लागतो. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर घ्यायचं असं त्यात लिहिलं गेलं, तर २ लाखावर दर तिमाहीला ३,५०० रुपये येतील, पण मुद्दल दहा वर्षांनीही २ लाखच राहील. सगळं व्याज धरून ३ लाख ४० हजार होतात, ४ लाख नाही. घरखर्चाला व्याज हवं असेल तर यात वावगं काही नाही, पण मग दुप्पट होण्याची वाट बघू नये. दुप्पट हवे असतील तर व्याज मुदलात मिळवून मुदतीअखेर देणारी एफडी मागावी.

दुसरी गोष्ट कराची. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ठेवीचं व्याज करपात्र आहे. ज्याच्या व्याजातला दहावा हिस्सा करात जातो, त्याच्यासाठी ७ टक्के हे खरं तर ६.३ टक्केच. ७० भागिले ६.३ केलं की ११ वर्षं येतात, म्हणजे एक वर्ष वाढलं.

तिसरी गोष्ट, एक-एक वर्षाची एफडी करून दरवर्षी पुढे चालू ठेवली तर प्रत्येक वेळी त्या दिवशीचा दर लागतो. आजचा ७ टक्के पुढे ६ झाला तर दहा वर्षांचा हिशोब कोलमडतो.

‘वर्षाला १० टक्के’ ऐकलं तर

काही जण सांगतात, ‘दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला सरळ १० टक्के पडले.’ ऐकायला बरोबर वाटतं, कारण लाखावर दहा वर्षांत लाख वाढले. पण दहा वर्षांत दुप्पट व्हायला चक्रवाढीने ७२ भागिले १०, म्हणजे ७.२ टक्केच लागतात. म्हणजे ही ठेव बँकेच्या साध्या एफडीएवढीच आहे, फक्त आकडा फुगवून सांगितला. खरोखर १० टक्के चक्रवाढ मिळाली तर पैसे सव्वासात वर्षांतच दुप्पट होतात. म्हणून कोणी टक्के सांगितले तर किती वर्षांत दुप्पट ते विचारावं, आणि वर्षं सांगितली तर ७२ ला त्या वर्षांनी भागावं.

एजंटची ‘पाच वर्षांत दुप्पट’

आता दारावरच्या एजंटची योजना याच मापाने मोजू. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे ७२ भागिले ५, १४.४ टक्के. दर मोठा असल्याने दुरुस्ती करून ७४ धरले तर १४.८. खरा दर १४.८७ येतो. म्हणजे पोस्टाच्या ७.५ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट व्याज. कोणी तीन वर्षांत दुप्पट सांगितलं तर नियमाने २४ आणि प्रत्यक्षात २६ टक्के. एका वर्षात दुप्पट म्हणजे तर सरळ १०० टक्के. इथे ७२ चा नियम वापरू नये, उत्तर फार कमी येतं.

ठेवीदाराला १५ टक्के द्यायचे असतील तर घेणाऱ्याने तोच पैसा त्याहून जास्त दराने फिरवला पाहिजे, त्यातून कमिशन आणि ऑफिसचा खर्च काढला पाहिजे, आणि बुडीत कर्जही सोसलं पाहिजे. हा पैसा नेमका कुठे लावता, हे विचारावं. नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांना देत असतील, तर नवे लोक यायचे थांबले की गाडा थांबतो.

जोखीम कुणाची, हेही बघावं. बँक बुडाली तर, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासह ५ लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यात येतात. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, खासगी योजनेलाही नाही. नावात ‘बँकेसारखं’ काही असलं म्हणून विमा लागू होत नाही.

हाच हिशोब कर्जालाही

सावकाराचं ‘शेकडा ३’ म्हणजे महिन्याला ३ टक्के. थकलेलं व्याज मुदलात चढवत गेला तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत कर्ज दुप्पट. काटेकोर हिशोबाने साडेतेवीस महिने. व्याज मुदलात न चढवता सरळ लावलं तर दुप्पट व्हायला ३३ महिने लागतात. दोन्हींत जवळपास दहा महिन्यांचा फरक आहे, म्हणून व्याज सरळ की चक्रवाढ हे पैसे उचलण्याआधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. भागताना महिन्याचा दर घेतला तर उत्तर महिन्यांत येतं आणि वर्षाचा घेतला तर वर्षांत, यात गल्लत करू नये.