पर्सेंटाइल ५ म्हणजे पाच टक्के नव्हे

नगरला तपासणी झाली, पंधरा दिवसांनी अहवाल हातात पडला. मुलगा नऊ वर्षांचा, इयत्ता चौथी. समजा त्यात लिहिलंय: ‘शाब्दिक आकलन ११२. वाचन ७६, पर्सेंटाइल ५.’ आईबापांची नजर थेट त्या पाचावर जाते. शंभरात पाच? पोरगं नापास?

थांबा. हे गुण नव्हेतच. सीईटीमुळे पर्सेंटाइल आता घरोघरी पोहोचलाय, तोच हा. त्याच्या वयाची शंभर मुलं वाचनाच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर साधारण पाच त्याच्या मागे असतील. आणि ७६, ११२ हे आकडे अशा मापाचे, की त्या वयाची सरासरी नेहमी १०० धरलेली असते. ११२ म्हणजे आकलनाच्या रांगेत ७९ वा पर्सेंटाइल. एकच पोरगं एका रांगेत पुढून विसाव्या जागेच्या आसपास आणि दुसरीत जवळजवळ शेवटी! हे कसं काय?

आकलनाच्या चाचणीत वाचायचं काहीच नसतं. समोरचा तोंडी विचारतो, विहीर आणि तळं यांत सारखं काय? मुलगा म्हणतो, दोन्हींत पाणी असतं, पण विहीर माणसाला खणावी लागते. उत्तर ऐकून परीक्षकही खूश होतो. आपल्याकडच्या मुलांसाठी अशी बुद्धिमापन चाचणी १९६९ मध्ये नागपुरात मालिन यांनी बेतली, आजही ती वापरात आहे.

मग वाचनच का अडतं? कारण बोलणं मेंदूत जन्मापासून रुजायला तयार असतं, वाचन नसतं. लिपी अवघी पाचेक हजार वर्षांची. वाचनासाठी वेगळा भाग घडवायला मेंदूला वेळच कुठे मिळाला? म्हणून प्रत्येक मूल चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाशेजारचा, डाव्या बाजूचा एक तुकडा अक्षरांसाठी नव्याने कामाला लावतं आणि तो आवाजाच्या भागाशी जोडतं. वाचनअक्षमतेत ही जोडणी मंदावते. अक्कल शाबूत, रस्ता कच्चा.

त्यात आपली देवनागरी! ‘कि’ मध्ये पहिली वेलांटी क च्या आधी काढायची, पण म्हणायची नंतर. ‘अर्थ’ मध्ये र म्हणायचा थ च्या आधी, आणि तो बसतो थ च्या डोक्यावर. आपण हे क्षणात उलगडतो, आणि आपल्या लक्षातही येत नाही. हा मुलगा ‘अर्थ’ ला ‘अथर’ वाचतो, कारण डोळ्यांना जसं दिसलं तसंच तो म्हणतो.

अहवालातला सगळ्यात हुशार भाग म्हणजे निरर्थक शब्दांची यादी. ‘गटूल’, ‘मोबत’ असले शब्द कशाला वाचायला देतात? ‘घर’, ‘शाळा’ हे शब्द मूल चित्रासारखे पाठ करून ठेवतं, अंदाजाने ठोकून देतं. ‘मोबत’ पाठ असणं शक्यच नाही. तिथे अक्षराला आवाज जोडावाच लागतो. आपला मुलगा ‘मोबत’ ला ‘मोबाईल’ म्हणतो, आणि अंदाज उघडा पडतो. दुसरा प्रश्न तोंडी: ‘कमळ’ मधला म काढला तर काय उरेल? ‘कळ’ म्हणायला त्याला फार वेळ लागतो. दुखणं नेमकं इथे आहे: आवाज सुटे करण्यात.

एक इशारा मात्र हवा. पाथर्डी-शेवगावकडची किती मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर महिनोन्‌महिने शाळा बुडते. त्यांचंही वाचन ७६ येऊ शकतं! पण तिथे शिकवणंच पोहोचलेलं नसतं. नीट शिकवलं की ती झपाट्याने सुधारतात. वाचनअक्षमता असलेलं मूल तेवढंच शिकवूनही हळूच सरकतं. म्हणून चांगल्या अहवालात हजेरी, घरची भाषा, डोळे आणि कान तपासल्याची नोंद असते. ती नसेल तर विचारा.

शिफारशी त्या दुखण्यावरच्या असतात. रोज वीसेक मिनिटं आवाज सुटे करणं आणि जोडणं. आधी साधी अक्षरं, मग काना-मात्रा, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. इतिहासाचा धडा कुणीतरी वाचून दाखवायचा, उत्तर तोंडी घ्यायचं, कारण वाचन अडलं म्हणून ११२ ची बुद्धी उपाशी ठेवणं शुद्ध वेडेपणा आहे. परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक हवा असेल तर खासगी अहवाल पुरत नाही. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेकडूनच घ्यावं लागतं.

आणि एक करा. आज निरर्थक शब्दांची एक यादी बनवा, एका मिनिटात किती बरोबर वाचले ते वहीत लिहा. तीन महिन्यांनी तशीच, पण नव्या शब्दांची यादी द्या. आकडा हलला नसेल, तर मुलाला रागावू नका. शिकवण्याची पद्धत बदला.