सेवा बंद पडली, तर ग्राहकाला काय सांगायचे?

5 एप्रिल 2022 रोजी, भारतात दुपारचे एक वाजून आठ मिनिटे झाली असताना, ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीत एक स्क्रिप्ट चालवली गेली. जुने, वापरात नसलेले एक ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायचे होते. पण काम सोपवताना ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले, आणि स्क्रिप्टने ते निमूटपणे पुसले. तेवीस मिनिटांत 775 ग्राहकांच्या 883 साइट नाहीशा झाल्या. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत रोज उघडले जाणारे जिरा याच कंपनीचे. कामांची यादी, दस्तऐवज, तक्रारींची नोंद, सगळे यावरच चालते.

माहितीचा बॅकअप होता. अडचण वेगळीच होती. अनेक ग्राहकांची माहिती एकाच ठिकाणी साठवलेली असते. ती सगळी मागच्या तारखेला नेली, तर शेजारच्या ग्राहकांचे त्यानंतरचे काम पुसले जाईल. म्हणून प्रत्येक साइट वेगळी काढून पुन्हा उभी करावी लागली. पहिल्या पद्धतीने एका तुकडीला सुमारे 48 तास लागत होते. नंतर सुधारलेल्या पद्धतीने हा वेळ सुमारे 12 तासांवर आला. शेवटची साइट 18 एप्रिलला परत मिळाली.

तांत्रिक चूक कुणाच्याही हातून होते. मला जास्त गंभीर वाटते ते त्या दिवसांतले मौन. साइटबरोबर ग्राहकांची संपर्क माहितीही पुसली गेली होती, त्यामुळे कळवायचे कुणाला हेच कंपनीला नीट माहीत नव्हते. ग्राहकाला तक्रार नोंदवायची, तर अर्जात आपल्या साइटचा चालू पत्ता द्यावा लागे, आणि नेमका तोच पत्ता आता अस्तित्वात नव्हता. सर्वांसाठी सविस्तर जाहीर निवेदन यायला जवळजवळ आठवडा गेला. काम आणखी दोन आठवड्यांपर्यंत चालू शकेल, हा अंदाजही ग्राहकांना तेवढ्याच उशिरा मिळाला.

नंतरच्या अहवालात कंपनीने स्वतःच मान्य केले, की संपूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबायला नको होते. जे माहीत आहे आणि जे नाही, दोन्ही सांगायला हवे होते.

मग दुसऱ्या दिवशी काय लिहिता आले असते? माझ्या मते साधारण असे: ‘काल दुपारी आमच्या चुकीने तुमची साइट पुसली गेली. तुम्हाला जिरा आणि कॉन्फ्लुअन्स उघडता येणार नाही. हा बाहेरचा हल्ला नाही. बॅकअप आमच्याकडे आहे. साइट परत मिळेपर्यंत तिच्यातले काही पाहण्याचा मार्ग नाही, म्हणून नव्या कामाची नोंद स्प्रेडशीटमध्ये ठेवा. सर्व साइट कधी पूर्ववत होतील हे आज सांगता येत नाही. काम काही तासांचे नाही, अनेक दिवसांचे आहे, असे धरून नियोजन करा. उद्या दुपारी चारला, नवे काही नसले तरी, पुन्हा कळवू.’

यात ‘काही ग्राहकांना तांत्रिक अडचण’ असे कुठेच नाही. वाचणाऱ्याला इतर किती जणांचे बिघडले यात रस नसतो. आपले काय चालत नाही, आपली माहिती सुरक्षित आहे का, एवढेच त्याला कळायला हवे. पर्यायी सोय नसेल, तर ‘नाही’ हे स्पष्ट लिहिणे हीसुद्धा मदतच असते, कारण माणूस वाट पाहणे सोडून स्प्रेडशीट उघडतो. सोय असेल, तर तिची मर्यादाही सांगावी, म्हणजे तिथे नोंदवलेले नंतर मूळ ठिकाणी आपोआप येईल की हाताने भरावे लागेल.

सगळ्यात अवघड असते ती वेळ. दुरुस्ती करणारा इंजिनिअर घाबरून काहीच सांगत नाही, नाहीतर वरिष्ठांचा दबाव आला की ‘दोन तासांत’ म्हणून मोकळा होतो. दोन तासांचे चार झाले, चारांचे आठ झाले, की पुढच्या खऱ्या वेळेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ‘लवकर झाले तर संध्याकाळी सहा, बॅकअप तपासताना अडलो तर उद्या सकाळी’ असे दोन टोकांसह आणि कारणासह सांगितले, तर दुकानदारही ठरवू शकतो की माणसे थांबवायची की घरी पाठवायची. कारण शोधायचे काम अजून चालू असेल, तर पूर्ववत होण्याची वेळ देऊच नये. पुढची सूचना किती वाजता येईल ती वेळ द्यावी, आणि ती काटेकोर पाळावी.

या घटनेनंतर ॲटलासियनने ग्राहकांचे संपर्क उत्पादनाच्या बाहेर साठवायचे आणि साइटच्या पत्त्याशिवायही तक्रार घेण्याची सोय करायची, असे ठरवले. लहान व्यवसायालाही हे आजच करता येते: ग्राहकांचे फोन आणि ईमेल यांची प्रत वेगळ्या जागी ठेवायची, आणि स्थिती कळवण्याचे पान मुख्य सेवेच्या सर्व्हरवर ठेवायचे नाही.