विश्लेषण : मसाल्याच्या बागेत मुक्काम… पावसाळ्यात जळवा, उन्हाळ्यात गोचीड! जाण्यापूर्वी काय माहीत हवे?

जोडून सुट्टी आली की पुणेकरांची पावले गोव्याकडे वळतात, पण आता त्यातले काही जण समुद्रकिनारा टाळून सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मसाल्याच्या बागांकडे जाऊ लागले आहेत. सांगे तालुक्यातील नेत्रावळी हे त्यातलेच एक गाव. १९९९ मध्ये घोषित झालेले नेत्रावळी अभयारण्य, तानशीकर स्पाइस फार्मसारखी बाग आणि गोपीनाथ मंदिराजवळची ‘बुडबुड्यांची तळी’ या गोष्टी येथे जवळजवळ आहेत. मात्र येथील मुक्काम कसा होईल, हे कोणत्या महिन्यात जातो यावर ठरते.

बागेत नेमके काय पाहायला मिळते?

मसाल्याची बाग म्हणजे ओळीत लावलेली शेती नव्हे. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढलेला असतो, सावलीत जायफळाचे झाड आणि खाली हळद असते. त्यामुळे सगळे मसाले एकाच वेळी झाडावर दिसत नाहीत. मिरीची काढणी साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये होते. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळा-लाल झाला की घोस उतरवतात. हिरवे दाणे काही दिवस उन्हात वाळले की काळी मिरी होते. तेच दाणे पूर्ण पिकू देऊन पाण्यात भिजवले आणि साल काढली, की पांढरी मिरी मिळते. हळदही जानेवारीनंतर खणतात. जायफळ मात्र पावसाळ्यात भरपूर उतरते. फळ उकलले की आतल्या बीवर लालभडक जायपत्रीची जाळी दिसते.

स्वयंपाकघरात काय शिकता येते?

तेही ऋतूवरच अवलंबून आहे. पावसाळ्यात हळदीची ताजी पाने असतात, तेव्हा पातोळ्या होतात. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्यायचा, त्यावर गूळ-खोबऱ्याचे सारण ठेवायचे, पान दुमडायचे आणि उकडायचे. उन्हाळ्यात तीच पाने मिळत नाहीत. तेव्हा आगळाची सोलकढी आणि तिरफळ घातलेले कालवण असते. तिरफळातली काळी बी काढून टाकतात, साल फक्त ठेचतात आणि कालवण होत आले की घालतात. वाटणात बारीक केल्यास चव कडवट होते. ते खायचे नसते, ताटात बाजूला काढायचे असते.

जळवा लागल्या तर?

जून ते सप्टेंबरमध्ये जंगलवाटेवर जळवा लागणारच, हे गृहीत धरावे. त्या रोग पसरवत नाहीत, पण चावताना रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडतात. त्यामुळे जळू सुटल्यावरही रक्त काही वेळ वाहत राहते. ती ओढून काढू नये. नख त्वचेलगत सरकवून आधी तिचे निमुळते टोक सोडवावे, मग जखम साबणाने धुऊन दाबून धरावी. पँट मोज्यात खोचणे हा सोपा बचाव. धबधब्यांचा धोका मात्र जळवांपेक्षा मोठा आहे. मैनापी धबधब्यावरील बुडण्याच्या घटनेनंतर जुलै २०२३ मध्ये गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी.

मग हिवाळा-उन्हाळा सुरक्षित का?

वाट कोरडी असते, पण या काळात गोचीड वाढतात. त्यांच्यामार्फत क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप होऊ शकतो. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) शोधला. गेल्या दशकात गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. पाचोळ्यात बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये. फिरून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी, कपडे धुवावेत, काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासावी. गोचीड चिकटल्यास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, तेल लावत बसू नये. घरी परतल्यावर आठवड्याभरात एकाएकी ताप आणि तीव्र अंगदुखी सुरू झाली, तर आपण जंगलात जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते कळले नाही तर डेंग्यू समजून भलतीच तपासणी होण्याची शक्यता असते.

खोलीबाबत काय अपेक्षा ठेवावी?

मातीच्या किंवा कौलारू खोलीत पाल, बेडूक, दिव्याभोवतीचे किडे असणारच. खोली अस्वच्छ आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आरक्षण करताना चार प्रश्न विचारावेत : मच्छरदाणी आहे का, संडास खोलीला जोडून आहे का, वीज गेल्यास सोय काय आणि जवळचा दवाखाना किती दूर आहे? रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बंद बूट हवेतच. लहान मुले वा ज्येष्ठ बरोबर असतील, तर जंगलातील लांबची वाट टाळून बागेतली फेरी आणि स्वयंपाक एवढ्यावरच बेत ठेवलेला बरा.