घड्याळ सुरू होतं वार्षिक सभेपासून

नव्याने संचालक झालेल्या माणसाचा ठरलेला गैरसमज म्हणजे, ‘सीएने इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलंय, म्हणजे कंपनीचं सगळं झालं.’ तसं नसतं. आयकर खातं वेगळं आणि कंपनी निबंधक, म्हणजे बोलीभाषेतलं आरओसी, वेगळं. कंपनीने वर्षभरात एक रुपयाचा धंदा केला नसला तरी आरओसीकडचे वार्षिक फॉर्म चुकत नाहीत.

छोट्या प्रायव्हेट कंपनीचे मुख्य फॉर्म दोन. AOC-4 मध्ये ऑडिट झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि संचालकांचा अहवाल जातो. MGT-7A हे वार्षिक विवरणपत्र. भागधारक कोण, संचालक कोण, सभा कधी झाल्या हे त्यात येतं. दोन्हींची मुदत मोजली जाते वार्षिक सर्वसाधारण सभेच्या तारखेपासून. पहिलं वर्ष सोडलं, तर ३१ मार्चला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ही सभा व्हावी लागते.

पुण्यातल्या दोन मित्रांची कंपनी घ्या. सभा झाली ३० सप्टेंबरला. AOC-4 ला तीस दिवस, म्हणजे ३० ऑक्टोबर; MGT-7A ला साठ दिवस, म्हणजे २९ नोव्हेंबर. सीएने आठवण केली तेव्हा एका संचालकाची डिजिटल सही, डीएससी, संपलेली निघाली. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणता म्हणता दोन्ही फॉर्म गेले ७ फेब्रुवारीला. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये जादा फी. पहिल्याला शंभर दिवस उशीर, दुसऱ्याला सत्तर. झाले १७,००० रुपये, नेहमीची फी वेगळीच. या जादा फीला कमाल मर्यादा नाही, त्यामुळे विसरलेली दोन-तीन वर्षं लाखांत जातात. सरकार कधीकधी मुदत वाढवतं खरं, पण त्या भरवशावर बसणाऱ्यांचीच जास्त पंचाईत होते.

सभाच घेतली नाही तर घड्याळ सुरू होणार नाही, ही पळवाटही चालत नाही. सभा ज्या शेवटच्या दिवशी व्हायला हवी होती, तिथून कायदा दिवस मोजतो. शिवाय सभा न घेतल्याचा दंड वेगळा.

पैशापेक्षा जड गोष्ट पुढे आहे. सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल झालं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. त्या काळात त्याची त्या कंपनीत फेरनेमणूक होत नाही आणि दुसऱ्या कंपनीतही नेमणूक होत नाही. २०१७ मध्ये अशा कारणाने देशभरात लाखो संचालक एका झटक्यात अपात्र झाले. त्यांत नातेवाइकाच्या कंपनीत नुसतं नाव देऊन बसलेलेही होते.

म्हणून संचालकपद घेण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या कंपनीचा ‘मास्टर डेटा’ उघडा. शेवटच्या वार्षिक सभेची आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख तिथे दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर सही करण्याआधी थकलेले फॉर्म भरून घ्या आणि त्यांची चलनं मागा. ‘भरलंय हो’ या तोंडी उत्तरावर थांबू नका.