वजाबाकी नव्हे, भागाकार

गेल्या आठवड्यात आपण चालू किमती आणि स्थिर किमती यांतला फरक पाहिला. आज पुढची पायरी: कुणी आपल्या हातात ‘महागाई वजा जाता खरी वाढ इतकी’ असं उत्तर ठेवलं, तर ते तपासायचं कसं? त्यासाठी दिल्लीतून निघालेलं एक प्रसिद्धिपत्रक घेऊ.

३१ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल ते जून या तिमाहीचे जीडीपीचे आकडे जाहीर केले. चालू किमतींनी वाढ ८.० टक्के, खरी वाढ ७.८ टक्के. म्हणजे जीडीपीच्या हिशोबातली महागाई जेमतेम ०.२ टक्के! लोकांना हे पटणं कठीणच होतं. जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली होती आणि त्या महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ७.४ टक्के आला होता. अर्थात जुलै या तिमाहीत येतच नाही. पण एप्रिल ते जूनमध्येही किरकोळ महागाई सरासरी ४.६ टक्के होतीच. सरकार आकडे फुगवतंय, असा आरोप झाला. सरकारी बाजूने पद्धत समजावून सांगितली गेली. आपण आधी नुसता हिशोब करू, वाद मग पाहू.

प्रसिद्धिपत्रकात टक्क्यांबरोबर मूळ रकमाही असतात. टक्के बाजूला ठेवून आधी त्या उचलाव्यात. चालू किमतींनी जीडीपी ७०.६७ लाख कोटी रुपये, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ६५.४२ लाख कोटी. २०११-१२च्या स्थिर किमतींनी २०२३मध्ये ४०.३७, आदल्या वर्षी ३७.४४. पहिल्या जोडीचा भागाकार १.०८०, दुसऱ्या जोडीचा १.०७८. दोन्ही टक्के बरोबर आहेत. आता ७०.६७ला ४०.३७ने भागा: १.७५१. ६५.४२ला ३७.४४ने भागा: १.७४७. हा जीडीपीचा डिफ्लेटर, म्हणजे २०११-१२च्या एका रुपयाच्या मालाची त्या तिमाहीतली किंमत. तो १.७४७वरून १.७५१वर गेला, म्हणजे ०.२ टक्के वाढला. अंकगणितात खोट नाही.

इथे ८.०मधून ७.८ वजा केले तरी ०.२च येतात, म्हणून वजाबाकी चालते असं वाटतं. ते चालतं फक्त दर लहान असताना. त्याच्या आदल्या वर्षीचं, ३१ ऑगस्ट २०२२चं पत्रक घ्या. तेव्हा चालू किमतींनी वाढ २६.७ टक्के आणि खरी वाढ १३.५ टक्के होती. वजाबाकी केली तर महागाई १३.२ टक्के निघते. पण १.२६७ला १.१३५ने भागलं की १.११६ येतात, म्हणजे ११.६ टक्के. तब्बल दीड टक्क्याहून जास्त चूक! कारण महागाई फक्त जुन्या उत्पादनाला लागत नाही, वाढलेल्या उत्पादनालाही लागते. उलट बाजूनेही ताळा करून पाहा: १.१३५ गुणिले १.११६ म्हणजे १.२६७. ताळा जुळला तर भागाकार बरोबर.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे, कारण त्यात पद्धत बरोबर असूनही उत्तर चुकतं. समजा तुमच्याकडे २०२२चं पत्रक जपून ठेवलेलं आहे. त्यात २०२२च्या तिमाहीचे आकडे ६४.९५ आणि ३६.८५ असे दिलेत. २०२३च्या आकड्यांना या आकड्यांनी भागलं तर चालू किमतींनी वाढ ८.८ टक्के आणि खरी वाढ ९.६ टक्के येते. खरी वाढ चालू वाढीपेक्षा जास्त, म्हणजे देशात स्वस्ताई! तसं काही नव्हतं. मधल्या काळात कार्यालयाने आदल्या वर्षीचे आकडे सुधारले होते. ६४.९५चे ६५.४२ झाले, ३६.८५चे ३७.४४ झाले, आणि त्या तिमाहीची वाढही १३.५वरून १३.१वर आली. म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे एकाच पत्रकातून घ्यायचे, हा नियम. वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून हिशोब करणाऱ्यांचं इथे हमखास फसतं.

आता वादाकडे. ८.०तून ४.६ काढायचे नाहीत का? १.०८०ला १.०४६ने भागलं तर वाढ ३.३ टक्के उरते. पण हे माप चुकीच्या कापडाला लावणं झालं. ग्राहक किंमत निर्देशांकात घरखर्चाची टोपली असते आणि त्यात अन्नाचं वजन मोठं असतं. जीडीपीत यंत्रं, पूल, निर्यात, सरकारी सेवा असं सगळंच येतं. शिवाय २०११-१२च्या मालिकेत वस्तूंच्या उत्पादनाची महागाई काढताना घाऊक किंमत निर्देशांकावर भर असे. त्या तिमाहीत घाऊक किमती आदल्या वर्षीपेक्षा घसरल्या होत्या. जूनमध्ये तर चार टक्क्यांहून अधिक. एकीकडे चढ, दुसरीकडे उतार, त्यामुळे डिफ्लेटर शून्याला चिकटला.

म्हणजे कार्यालय निर्दोष? माझ्या मते इथेच आक्षेपाला खरी जागा आहे, फक्त ती आरोप करणाऱ्यांनी दाखवली तिथे नाही. फरिदाबादचा एक कल्पित कारखाना घ्या. माल १०० रुपयांचा, कच्चा माल ६० रुपयांचा, मूल्यवर्धन ४०. पुढच्या वर्षी तेवढाच माल काढला, विक्रीचा भाव तोच राहिला, पण कच्च्या मालाचा भाव १० टक्क्यांनी उतरला. आता खर्च ५४ आणि मूल्यवर्धन ४६. कारखान्यात एक नगही जास्त बनलेला नाही. तरी मूल्यवर्धनाला फक्त तयार मालाच्या भावाने भागलं, तर खरी वाढ १५ टक्के दिसते. तयार माल आणि कच्चा माल, दोन्हींना आपापल्या भावाने वेगवेगळं भागून मग वजाबाकी केली, तर १०० उणे ६०, म्हणजे ४०. वाढ शून्य. कारखानदारीच्या बाबतीत २०११-१२च्या मालिकेत पहिला मार्ग वापरला जाई. २०२३च्या त्या तिमाहीत कच्च्या मालाचे भाव उतरत होते, त्यामुळे आकडा वर सरकायची शक्यता होती. किती सरकला, हे मात्र पत्रकातल्या आकड्यांवरून काढता येत नाही. त्यासाठी उद्योगवार खर्चाचा तपशील लागतो. कच्चा माल महागला की हाच दोष उलटा चालतो आणि वाढ कमी दिसते, हेही विसरू नये.

हीच तपासणी दिल्लीवर करून पाहू. २०२३-२४च्या दिल्लीच्या आर्थिक पाहणीत राज्याच्या उत्पन्नाची चालू किमतींनी वाढ ९.१७ टक्के आणि खरी वाढ ७.३९ टक्के अंदाजली होती. १.०९१७ भागिले १.०७३९ म्हणजे १.०१६६. डिफ्लेटर १.७ टक्क्यांच्या आसपास. पण दिल्लीत पाच रुपयांतले चाराहून अधिक रुपये सेवांमधून येतात, आणि घाऊक निर्देशांकात सेवा मुळीच नसतात. त्यामुळे इथे कच्च्या मालाचा खुलासा फारसा लागू पडत नाही. विचारायचं ते वेगळं: व्यापार, बँका, घरभाडी, संगणक सेवा यांपैकी कशाला कोणत्या निर्देशांकाने भागलं? पुढच्या भागात तेच पाहू.