राजे समोरासमोर नाहीत, मग प्यादी सोडायची का?

सिसिलियन ड्रॅगनमधला युगोस्लाव्ह अटॅक पाहा. पांढऱ्याचा राजा कॅसलिंग करून c1 वर, काळ्याचा g8 वर. इथे h4-h5 ला अर्थ आहे, कारण काळ्याचं प्यादं g6 वर आलेलं असतं. h5 त्याला भिडतं, मारामारी होते, h स्तंभ उघडतो आणि पांढऱ्याच्या हत्तीला राजाची वाट मिळते. g6 ऐवजी ते g7 वरच असतं तर भिडायला काही नसतं. जास्त खेळ्या लागतात आणि तेवढ्यात काळ्याचा c8 वरचा हत्ती c3 वरच्या घोड्यासाठी स्वतःला देऊन पांढऱ्या राजासमोरची प्यादी मोडतो.

पण मी तर आधी केंद्रच बघतो. काळ्याला d5 सहज जमत असेल, तर बाजूचा हल्ला मागे पडतो. म्हणून पांढरा अनेकदा उंट c4 वर आणून d5 रोखतो, मगच h प्यादं पुढे काढतो.