मनोगतात सूर कुठे आहे?

आषाढातल्या पौर्णिमेच्या आसपासचा रविवार आला, की गावोगावच्या संगीत विद्यालयांत गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होतो. आधी गुरुपूजन, मग लहान मुलांचे अलंकार आणि सरगमगीतं, पाठोपाठ मोठ्या विद्यार्थ्यांच्या बंदिशी आणि शेवटी स्वतः गुरूंचं गाणं. या सगळ्यात मध्येच एक जागा राखलेली असते. क्लास सोडून बरीच वर्षं झालेला एखादा विद्यार्थी उठतो, खिशातून कागद काढतो आणि मनोगत वाचतो. चार-पाच मिनिटांचं हे काम असतं, पण त्यासाठी माणूस आठवडाभर अस्वस्थ असतो.

अडचण भावनेची नसते, ती भरपूर असते. अडचण अशी, की लिहायला बसल्यावर ज्ञानाचा सागर, दीपस्तंभ, परीस हेच शब्द आधी हाताशी येतात. ते खोटे नाहीत, पण गणिताच्या सरांना लावले तरी चालतात आणि पोहायला शिकवणाऱ्यांनाही. संगीत शिकवणाऱ्याचे आभार मानायचे, तर त्याने नेमकं काय शिकवलं, कोणत्या सुरावर किती काळ थांबवलं, हे सांगावं लागतं.

त्यासाठी कुंदगोळचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. धारवाडजवळच्या या गावी सवाई गंधर्वांच्या घरी राहून भीमसेन जोशी शिकले. सुरुवातीच्या काळात गुरूंनी त्यांना तोडी, मुलतानी आणि पूरिया एवढेच राग दिले. आजच्या परीक्षांच्या हिशेबाने ही तालीम फार तोकडी वाटेल. पण तोडी सकाळचा राग, मुलतानी दुपार कलतानाचा आणि पूरिया संध्याकाळचा, म्हणजे मुलाचा सबंध दिवस या तीन रागांत बसतो. शिवाय तोडी आणि मुलतानी यांचे स्वर तेच आहेत: रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. तरी दोन्ही राग पूर्ण वेगळे. मुलतानीत वर चढताना रिषभ आणि धैवत गाळले जातात आणि पंचमाला मोठं स्थान मिळतं. तोडीचा गंधार जास्त उतरलेला असतो, तर मुलतानीचा तीव्र मध्यमाच्या आधाराने झुलत येतो. पूरियात तर पंचमच नाही. हा फरक वहीत लिहून घेता येतो, पण गळ्यात उतरवायला महिने जातात, आणि तेवढे महिने रोज समोर बसून तीच चूक ऐकणारा कुणीतरी लागतो. गुरूचा संयम म्हणतात तो हा.

सवाई गंधर्व 1952 साली गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनजींच्या पुढाकाराने पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त संगीत महोत्सव सुरू झाला. ते मनोगत गाऊन व्यक्त झालेलं होतं.

सगळ्यांना महोत्सव भरवता येत नाही, चार मिनिटं मात्र मिळतात. त्या चार मिनिटांत काय मावतं, हे एका कल्पित विद्यार्थ्याच्या आधारे पाहू. हा मुलगा आठव्या वर्षी एका बाईंकडे गाणं शिकू लागला. काळी पाचमध्ये स्वच्छ गायचा, स्पर्धांत नंबर यायचे. तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो. तो स्थिरावायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. बरीच मुलं याच काळात गाणं सोडतात. जुन्या पट्टीतच गाण्याचा हट्ट धरला, तर मानेच्या शिरा ताठतात, तार षड्जाजवळ आवाज चिरतो आणि दुसऱ्या दिवशी बोलतानाही घसा घोगरा लागतो.

त्या मुलाचं मनोगत असं उतरू शकतं:

‘बाई, मी तेरा वर्षांचा असताना एका सोमवारी माझा वरचा सा लागला नाही. मुलं हसली. तुम्ही हसणाऱ्यांना काहीच बोलला नाहीत. तानपुऱ्याची पट्टी खाली आणलीत आणि म्हणालात, आता काही दिवस वर जायचं नाही, मधल्या पंचमापर्यंतच गायचं. पट्टी पुढेही उतरत गेली आणि काळी एकला येऊन थांबली. तिथला मंद्र तुमच्या आवाजात येत नव्हता, म्हणून तुम्ही पेटीवर स्वर धरून बसायचात. ज्या दिवशी घसा साथ देत नसे, त्या दिवशी मी हातावर तीनतालाचा ठेका धरायचा आणि तुम्ही गाल ते ऐकायचं. त्या वर्षी तुम्ही माझं नाव एकाही स्पर्धेला दिलं नाही. मला राग आला होता. आज माझा खर्ज लागतो, तो त्या वर्षामुळे.’

यात बाईंच्या कौतुकाचं एकही विशेषण नाही. तरी बाई कशा होत्या, ते सभागृहातल्या संगीत न कळणाऱ्या पालकालाही समजतं. पट्टी, पंचम, पेटी, ठेका या गोष्टींतूनच संयम दिसतो. ‘मला राग आला होता’ हे वाक्य खोडावंसं वाटेल. ते ठेवावं. शिष्याला तेव्हा न कळलेली गोष्ट गुरूला कळत होती, हे त्याशिवाय पोचत नाही.

असा मजकूर आठवणीवर विसंबून लिहू नये. जुनी वही काढावी. तिच्यातली खाडाखोड, बाईंच्या अक्षरातली एखादी सूचना, एकाच बंदिशीखाली पुन्हा पुन्हा पडलेल्या तारखा यांतून खरं चित्र मिळतं. गुरुभगिनीला फोन करून प्रसंग पडताळावा. लिहून झालं की मोठ्याने वाचावं. सावकाश वाचताना साधारण चारशे शब्दांना चार मिनिटं लागतात, म्हणून एकच प्रसंग निवडून तो पुरता सांगणं बरं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मनोगत हळूहळू वक्त्याच्या बक्षिसांकडे वळतं. ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं मोजली की हे लगेच ध्यानात येतं. दुसरं अधिक नाजूक आहे. फी माफ केली, घरी जेवू घातलं, हे उपकार सांगायची इच्छा अगदी प्रामाणिक असते. पण गुरू समोर बसलेले असतात आणि त्यांनी ते कधीच बोलून दाखवलेलं नसतं. अशी गोष्ट त्यांना आधी विचारूनच जाहीर करावी.

गुरूंच्या गुरूंचं नाव मात्र विसरू नये. ते घेताना कानाच्या पाळीला हात लावायची रीत अजून पाळली जाते. माईकसमोर कागद धरलेल्या हाताने ते जमत नाही, म्हणून त्या जागी मजकुरात पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

आणि जमत असेल तर शेवटी गावं. बंदिश मोठी नको. ज्या जागेवर गुरूंनी सर्वांत जास्त अडवलं, तेवढाच मुखडा तानपुरा लावून गावा. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर तोडी घेऊ नये, यमन किंवा भूप चालेल. पट्टी अर्थात स्वतःचीच ठेवावी आणि तबलजींना ती आदल्या दिवशी कळवावी. ऐनवेळी तबला बदलायची वेळ आली, तर मनोगताची चार मिनिटं त्यातच जातात.